एक माप जुने, एक नवे

एक लिटर तेल मावेल असा पत्र्याचा गोल, दोन्ही बाजूंनी बंद डबा करायचा आहे. त्रिज्या लहान ठेवली तर डबा उंच आणि सडपातळ होतो, बाजूचा पत्रा वाढत जातो. त्रिज्या मोठी केली तर डबा बसका होतो आणि वरखालच्या दोन चकत्याच पत्रा खाऊन टाकतात. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी अशी एक त्रिज्या असणार की तिथे पत्रा सगळ्यात कमी लागेल. ती शोधायची कशी?

शाळेतल्या भूमितीवरून पत्र्याचे क्षेत्रफळ मांडता येते. त्रिज्या r सेंटीमीटर असेल, तर दोन चकत्यांचा आणि बाजूचा मिळून एकूण पत्रा असा येतो:

`S(r) = 2πr² + 2000/r`

कलनशास्त्र शिकलेला विद्यार्थी या सूत्राचे विकलज काढेल, ते शून्याबरोबर मांडेल आणि दोन ओळींत उत्तर देईल. पण या लेखात आपण मुद्दाम तो रस्ता सोडणार आहोत. आपल्याला सूत्र ठाऊकच नाही असे समजू. फक्त एक सोय आहे: कोणतीही त्रिज्या सांगितली की तेवढ्या मापाच्या डब्याला किती पत्रा लागेल हा आकडा कोणीतरी काढून देते. उतार कुठल्या दिशेला आहे, हे ते सांगत नाही. शिवाय प्रत्येक आकड्याला किंमत मोजावी लागते.

हे गृहीतक ओढूनताणून आणलेले नाही. पंखाच्या एका कोनाला हवेचा विरोध किती होतो ते कळण्यासाठी वाऱ्याच्या बोगद्यात चाचणी घ्यावी लागते. एखाद्या भट्टीचे तापमान किती ठेवावे हे ठरवायला प्रत्येक तापमानाला एक घाणा काढून बघावा लागतो. संगणकावर पुलाचे प्रतिरूप चालवायला कधी कधी तास लागतात. या सगळ्या ठिकाणी हाती लागते ती एका बिंदूवरची किंमत, विकलज नव्हे. म्हणून कमीत कमी चाचण्यांत किमान किंमत कुठे आहे ते हुडकणे, हा खरा प्रश्न आहे. डब्याचे उदाहरण घेण्याचे कारण एवढेच की खरे उत्तर आपल्याला पडताळून पाहता येईल, आणि सगळी आकडेमोड वाचकाला साध्या गणकयंत्रावर करता येईल.

एक अट मात्र आधीच मान्य करावी लागते. आपण ज्या अंतरालात शोध घेणार आहोत, त्यात फलनाला एकच दरी असली पाहिजे. डावीकडून येताना किंमत उतरत उतरत तळाला जावी आणि तिथून पुढे चढतच राहावी, मध्ये दुसरा खड्डा नको. आपल्या डब्याचे फलन तसेच आहे. त्रिज्या ३ सेंटीमीटरपेक्षा कमी नसावी आणि ८ पेक्षा जास्त नसावी, असे धरू. तळ या ५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात कुठेतरी आहे.

आता आत एकच बिंदू घेऊन माप काढले, तर काय कळते? काहीच नाही. समजा मधोमध, ५.५ वर, माप घेतले आणि ५५३ च्या आसपास आकडा आला. तळ त्याच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या, हे एका आकड्यावरून कधीच सांगता येणार नाही. समीकरणाचे मूळ शोधताना मधला एक बिंदू पुरतो, कारण तिथे चिन्ह बदलते आणि कोणता अर्धा भाग ठेवायचा ते लगेच ठरते. किमान शोधताना अशी खूण नसते. त्यासाठी आत दोन बिंदू हवेत. डावा बिंदू उजव्यापेक्षा खाली असेल, तर तळ उजव्या बिंदूच्या पलीकडे असूच शकत नाही. कारण तसा असता, तर डावीकडून उजवीकडे जाताना फलन उतरतच राहिले असते आणि डावा बिंदू वर दिसला असता. म्हणजे उजव्या बिंदूपलीकडचा तुकडा निर्धास्तपणे कापून टाकता येतो. उलट निघाले, तर डावीकडचा तुकडा जातो.

हे दोन बिंदू कुठे ठेवायचे, यातच सगळी गोम आहे.

पहिल्यांदा सुचते ते तीन समान भाग करणे. दोन मापे घ्यायची, एक तृतीयांश कापायचा, उरलेल्याचे पुन्हा तीन समान भाग करायचे. पद्धत बरोबर आहे, पण उधळी आहे. उरलेल्या तुकड्यात जुन्या दोन बिंदूंपैकी एक अजून आत पडलेला असतो. त्याची किंमत आपण मोजून, खर्च करून मिळवलेली असते. पण तो बिंदू नव्या तुकड्याच्या बरोबर मध्यावर येतो आणि नव्या विभागणीला हवे असतात एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश या जागांवरचे बिंदू. म्हणून जुने माप टाकून दोन नवी घ्यावी लागतात. अंतराल हजारपटीने लहान करायचे असेल तर या रीतीने ३६ मापे लागतात.

दुसरी कल्पना अशी की दोन्ही बिंदू मध्याच्या अगदी जवळ, एकमेकांना खेटून घ्यावेत. मग प्रत्येक वेळी जवळजवळ निम्मा भाग कापला जातो आणि हजारपटीला सुमारे २० मापे पुरतात. हे बरे दिसते, पण खेटून असलेल्या दोन बिंदूंवरच्या किमतीही जवळजवळ सारख्याच येतात. त्यांतली कोणती कमी, हे ठरवताना मापातली बारीकशी चूकही निकाल फिरवू शकते. शिवाय इथेही जुने माप पुढे कामाला येत नाहीच.

मग उलटा विचार करू. जुना बिंदू टाकायचा नाही, हीच अट आधी घालू आणि बिंदूंच्या जागा त्या अटीलाच ठरवू देऊ. दोन्ही बिंदू दोन टोकांपासून सारख्याच अंतरावर असावेत, म्हणजे कोणतीही बाजू कापली तरी उरणारा तुकडा सारखाच राहील. अंतरालाची लांबी १ धरू आणि कापल्यानंतर उरणाऱ्या तुकड्याची लांबी τ. मग डावा बिंदू १ − τ वर असतो आणि उजवा τ वर. समजा उजवीकडचा भाग कापला. उरले ० पासून τ पर्यंत, आणि आत जुना डावा बिंदू आहे, १ − τ वर. या लहान अंतरालात उजवा बिंदू कुठे हवा? लांबी τ आहे, तर τ च्या τ पट अंतरावर. तो जुना बिंदू नेमका तिथेच असावा, एवढे आपले मागणे:

`τ² = 1 − τ`

हे वर्गसमीकरण सोडवले की τ = (√५ − १)/२, म्हणजे ०.६१८०३४. दुसरे धन उत्तर नाही.

हीच ती युक्लिडच्या ग्रंथात आलेली विभागणी, जिच्यात पूर्ण रेषेचे मोठ्या भागाशी जे गुणोत्तर तेच मोठ्या भागाचे लहान भागाशी असते. सुवर्ण गुणोत्तराविषयी फार सैल लिहिले जाते. देवळे, चेहरे, शंख, चित्रे, जिथे तिथे ते शोधून काढले जाते आणि त्यातले बरेचसे मोजपट्टी लावल्यावर टिकत नाही. इथे तसे नाही. एका मापाची काटकसर करायची, एवढी एकच अट घातली आणि त्या अटीने ही संख्या आपल्या हातात ठेवली, दुसऱ्या कुठल्याही संख्येला जागाच ठेवली नाही. सुवर्ण गुणोत्तराचे मला माहीत असलेले सगळ्यात प्रामाणिक काम हेच आहे.

आता डब्याकडे. सगळ्या त्रिज्या दोन दशांश स्थळांपर्यंत घेऊ. ५ सेंटीमीटरची ०.६१८ पट ३.०९. म्हणून उजवा बिंदू ३ + ३.०९ = ६.०९ आणि डावा ८ − ३.०९ = ४.९१. सूत्रात घातल्यावर ४.९१ ला ५५८.८१ चौरस सेंटीमीटर पत्रा लागतो आणि ६.०९ ला ५६१.४४. डावा खाली आहे. म्हणून ६.०९ च्या पलीकडचे सगळे गेले, आणि तळ ३ ते ६.०९ मध्ये आला.

इथे पहिल्यांदा बचत दिसते. ४.९१ हा बिंदू नव्या अंतरालात उजव्या जागेवर बसला आहे आणि त्याची किंमत आपल्याकडे आहे. हवा तो फक्त डावा बिंदू. तो काढायला गुणाकारही नको: दोन टोकांची बेरीज करा आणि जुना बिंदू वजा करा. ३ + ६.०९ − ४.९१ = ४.१८. तिथे पत्रा ५८८.२५, खूपच वर. म्हणून या वेळी डावीकडचा तुकडा कापायचा, आणि उरले ४.१८ ते ६.०९.

याही वेळी ४.९१ आतच आहे, फक्त आता त्याची भूमिका बदलली: मघाशी तो उजवा बिंदू होता, आता डावा झाला. नवा उजवा बिंदू ४.१८ + ६.०९ − ४.९१ = ५.३६. तिथे ५५३.६५. हा ५५८.८१ पेक्षा खाली, म्हणून ४.९१ च्या डावीकडचे गेले. तीन मापांत उपयोगी पडून मगच ४.९१ टोकाला सरकला. पुढचा बिंदू ४.९१ + ६.०९ − ५.३६ = ५.६४, तिथे ५५४.४८. आता ५.३६ खाली आहे, उजवे टोक ५.६४ वर आले. मग ५.१९, तिथे ५५४.६०, आणि डावे टोक ५.१९ झाले. मग ५.४७, तिथे ५५३.६३. ५.३६ वर ५५३.६५ होते, म्हणजे फरक अवघा दोन शतांशांचा, तरी निकाल स्पष्ट: तळ ५.३६ च्या उजवीकडे. मग ५.५३, तिथे ५५३.८१. मग ५.४२, तिथे ५५३.५८.

इथवर एकूण ९ मापे झाली आणि अंतराल ५ सेंटीमीटरवरून ५.३६ ते ५.४७ एवढे, म्हणजे ०.११ सेंटीमीटरवर आले. तीच ९ मापे आधीच ठरवून अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर समान अंतराने घेतली असती, तर तळ एक सेंटीमीटरच्या पट्ट्यात आहे एवढेच कळले असते.

कलनशास्त्राचे उत्तर आता पडताळून पाहू. ते सांगते, त्रिज्या ५.४१९ सेंटीमीटर. तेव्हा उंची १०.८४ येते, म्हणजे नेमका व्यास. उंची आणि व्यास सारखे असलेला डबा पत्र्याच्या हिशेबाने सगळ्यात काटकसरीचा. (दुकानातले डबे असे नसतात, त्याची एक कारणमीमांसा सोपी आहे. गोल चकत्या चौकोनी पत्र्यातून कापताना कोपरे वाया जातात. ते धरून हिशेब केला, की πr² च्या जागी ४r² येते आणि त्रिज्या बरोबर ५ सेंटीमीटर निघते, डबा थोडा उंच होतो. आपल्या पद्धतीला या बदलाने काही फरक पडत नाही, तिला फक्त आकडा हवा असतो.)

नऊ मापांनंतर आपण थांबलो, ते उगीच नाही. दहावे माप घेऊन बघा. ५.३६ + ५.४७ − ५.४२ = ५.४१. तिथे पत्रा किती? ५५३.५८. आणि ५.४२ वर? तोही ५५३.५८. बरोबरी झाली. कोणती बाजू कापायची हे सांगायला आता आकड्यांकडे काहीच उरले नाही.

या बरोबरीचे कारण दरीच्या आकारात आहे. तळाशी दरी सपाट असते. तळापासून थोडे सरकले तर किंमत त्या सरकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि लहान संख्येचा वर्ग आणखीच लहान असतो. आपल्या डब्यासाठी हे प्रमाण काढता येते: त्रिज्या तळापासून δ सेंटीमीटर ढळली, तर पत्रा साधारण १८.८५ × δ² एवढाच वाढतो. त्रिज्येत पूर्ण एक मिलिमीटर चूक झाली, तरी जादा पत्रा ०.१९ चौरस सेंटीमीटर, ५५३ पैकी. डबा बनवणाऱ्यासाठी ही आनंदाची बातमी आहे. पण तळाची जागा शोधणाऱ्यासाठी ती मर्यादा आहे. पत्रा शतांशापर्यंत मोजला तर त्रिज्या शतांशापर्यंत कळते असे होत नाही, ती त्याहून ढोबळच कळते. संगणकात नेहमीच्या पद्धतीने संख्या साठवल्या तर सुमारे १६ अंक खरे असतात. तिथे किमानाची जागा साधारण ८ अंकांपर्यंतच भरवशाने मिळते, म्हणजे निम्म्या. म्हणून अनुभवी माणसे या शोधाला त्याहून बारीक अचूकता मागत नाहीत. मागितली तर यंत्र पुढेही अंतराल कापत राहते आणि वरचे अंक देतही राहते, पण ते अंक तळाचे नसतात, आकडेमोडीतल्या कुरकुरीचे असतात.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत घाईने उरकली जाते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. जुना बिंदू वापरून नवा बिंदू वजाबाकीने काढण्याची जी सोपी युक्ती आपण वापरली, तिच्यात एक धोका दडलेला आहे. τ ऐवजी ०.६१८ एवढेच घेऊन फक्त लांब्यांचा हिशेब करून बघा. अंतराल १, मग ०.६१८, आणि त्यानंतरची प्रत्येक लांबी म्हणजे आधीच्या दोन लांब्यांची वजाबाकी. ०.३८२, ०.२३६, ०.१४६, ०.०९०, ०.०५६, ०.०३४, ०.०२२, ०.०१२, ०.०१०, ०.००२. इथपर्यंत आल्यावर पुढची लांबी येते ०.००८, म्हणजे आधीच्यापेक्षा मोठी! अंतराल आक्रसायच्या ऐवजी वाढले.

काय झाले? खरी लांबी प्रत्येक पायरीला ०.६१८ पट होते. पण सुरुवातीला सोडून दिलेली ०.००००३४ ची चूक वजाबाकी करता करता प्रत्येक पायरीला १.६१८ पटीने वाढते. एक आक्रसत जाते, दुसरी फुगत जाते, आणि अंतरालाच्या मानाने चूक दर पायरीला २.६१८ पट होते. दहा पायऱ्यांत ती पंधरा हजार पट झाली. ०.०१० लांबीच्या अंतरालात डावा म्हणवणारा बिंदू उजव्याच्याही पुढे गेला. आता त्यांची तुलना करून जी बाजू कापली जाईल, तिच्यात तळ असू शकतो.

हे ओळखायची खूण सोपी आहे: दर पायरीला दोन बिंदूंचा क्रम आणि अंतरालाची लांबी तपासायची. लांबी ०.६१८ च्या आसपासच्या पटीने घटत नसेल, तर काहीतरी बिघडले. उपाय दोन आहेत. एक म्हणजे गुणोत्तर पुरेशा अंकांनी घेणे. दुसरा आणि पक्का उपाय असा, की जुन्या बिंदूची किंमत वापरायची, पण नवा बिंदू दर वेळी चालू अंतरालाच्या टोकांवरून ०.३८१९६६ किंवा ०.६१८०३४ या प्रमाणात नव्याने मांडायचा, आरशातल्यासारखा उलटवायचा नाही. मग चूक साचत नाही. गंमत म्हणजे १६ अंक घेऊन वजाबाकीचीच रीत वापरली, तर ती सुमारे ३८ पायऱ्यांनी कोसळते. तोवर अंतराल साधारण दहा कोटी पटीने लहान झालेले असते, म्हणजे सपाट तळामुळे जिथे थांबायचेच असते, नेमके तिथे. दोन्ही मर्यादा एकाच ठिकाणी भेटतात, कारण दोन्हींच्या मुळाशी अंतरालाच्या लांबीचा वर्गच आहे.

या रीतीचा सिद्धांत पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॅक कीफर यांनी. १९४८ साली एमआयटीत पदव्युत्तर पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी हे काम केले आणि १९५३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात ते अवघ्या पाच पानांत छापून आले. त्यांच्या डोळ्यांपुढे किमान नव्हते, कमाल होते. पण फलनाचे चिन्ह उलटवले की दोन्ही एकच. त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: मला ठरावीक संख्येनेच मापे घेता येणार असतील, तर सगळ्यात वाईट परिस्थितीतही अंतराल जास्तीत जास्त लहान कसे करता येईल?

त्याचे उत्तर सुवर्ण गुणोत्तर नाही, फिबोनाची संख्या आहे. मापे दहाच घ्यायची हे आधीच ठरलेले असेल, तर १, १, २, ३, ५, ८ अशा वाढत जाणाऱ्या या श्रेढीतल्या लगतच्या संख्यांच्या गुणोत्तराने बिंदू मांडायचे. प्रत्येक पायरीला गुणोत्तर किंचित बदलते आणि शेवटी अंतराल मूळच्या सुमारे १/८९ होते. (याच संख्या लघू आणि गुरू अक्षरांनी मात्रावृत्ते किती प्रकारे बनतात, ते मोजताना बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी दिल्या होत्या, फिबोनाचीच्या आधी.) सुवर्णछेदाने त्याच दहा मापांत अंतराल सुमारे १/७६ होते. म्हणजे सुवर्णछेदाचा पट्टा सुमारे १७ टक्के रुंद राहतो. हा तोटा मान्य करून लोक सुवर्णछेदच वापरतात, कारण त्यात मापांची संख्या आधी ठरवावी लागत नाही. एकच गुणोत्तर सतत चालते आणि वाटेल तिथे थांबता येते. खर्च किती होईल हे आधी कुठे ठाऊक असते? एक जादा माप घेतले की तो १७ टक्क्यांचा फरक भरून निघतो. मघाच्या हजारपटीच्या हिशेबात तिसऱ्या भागांची रीत ३६ आणि मध्याशी खेटण्याची रीत सुमारे २० मापे मागत होती. सुवर्णछेदाला १६ पुरतात.

आता ही रीत कुठे फसते ते पाहायला हवे. पहिली जागा उघड आहे, दोन दऱ्या. तशा फलनात ती कुठल्या तरी एका दरीत उतरते आणि तिचाच तळ बिनचूक शोधून देते, मग दुसरी दरी तिच्यापेक्षा खोल का असेना. उत्तराकडे पाहून हे कळत नाही. कधी कधी वाटेतच इशारा मिळतो: एखादा आतला बिंदू त्याच्या दोन्ही बाजूंना मोजलेल्या बिंदूंपेक्षा वर निघाला, तर एकच दरी असल्याचे गृहीतक तिथेच मोडले. ही तपासणी फुकट आहे, कारण ते आकडे आपल्याकडे असतातच. पण असा इशारा मिळाला नाही म्हणून दरी एकच आहे असे सिद्ध होत नाही. म्हणून सुरुवातीला थोडी विरळ मापे घेऊन फलनाचा ढोबळ आकार पाहून घेणे हाच खरा उपाय आहे.

दुसरी फसगत म्हणजे तळ अंतरालाच्या बाहेर असणे. डब्याची त्रिज्या आपण ६ ते १० मध्ये शोधायला घेतली असती, तर दर वेळी उजवाच तुकडा कापला गेला असता आणि उत्तर ६ च्या अगदी जवळ आले असते. खूण हीच: एक टोक पहिल्यापासून शेवटपर्यंत हललेच नाही. तसे दिसले की ते टोक आणखी बाहेर सरकवून पुन्हा शोधायचे. आधीच खात्री हवी असेल, तर सुरुवातीलाच दोन टोके आणि मधला एक बिंदू मोजावा. मधला दोन्ही टोकांपेक्षा खाली असेल, तर तळ नक्की आत आहे.

तिसरी सगळ्यात अवघड. माप स्वतःच डळमळीत असेल, म्हणजे एकाच तापमानाचे दोन घाणे दोन वेगळे आकडे देत असतील, तर एखादी तुलना चुकीची होऊ शकते. सुवर्णछेदात एकदा कापलेला तुकडा परत येत नाही. एक चुकीची तुलना, आणि तळ कायमचा बाहेर गेला. पुढची सगळी मापे निमूटपणे चुकीच्या पट्ट्यात खर्च होतात. जुने माप पुन्हा वापरणे ही या रीतीची बचत, पण डळमळीत मापांत तीच जोखीम बनते, कारण एकदाच मोजलेला एक चुकीचा आकडा दोन-तीन निर्णयांत भाग घेतो. कीफर यांना हे चांगले ठाऊक होते. जेकब वोल्फोविट्झ यांच्याबरोबर १९५२ मध्ये त्यांनी अशा डळमळीत मापांसाठी वेगळीच रीत मांडली. तिच्यात काहीच कापून टाकले जात नाही, तळाकडे हळूहळू, लहान लहान होत जाणाऱ्या पावलांनी सरकले जाते.

माप मात्र स्वच्छ असेल आणि दरी गुळगुळीत, तर सुवर्णछेदाला घाई नसते, ही त्याची उणीव जाणवू लागते. आपल्या डब्याच्या चौथ्या मापानंतर पाहा. हातात ४.९१, ५.३६ आणि ६.०९ हे तीन बिंदू आणि त्यांच्या किमती आहेत. त्या तिन्हींतून जाणारा अन्वस्त काढला, तर त्याचा तळ येतो ५.४४ वर. खरे उत्तर ५.४२. चारच मापांत इतके जवळ! सुवर्णछेदाला तिथे पोहोचायला नऊ लागली, कारण तो किमतींची फक्त तुलना करतो: कोण वर, कोण खाली. किती वर आणि किती खाली, ही माहिती तो वापरतच नाही. पण अन्वस्ताचा भरवसा नाही. दरी वाकडी असली, एका बाजूला खडी आणि दुसऱ्या बाजूला पसरट, तर अन्वस्ताचा तळ भलतीकडे पडतो, कधी एकाच टोकाला चिकटून राहतो आणि अंतराल आक्रसतच नाही.

ऑस्ट्रेलियन गणिती रिचर्ड ब्रेंट यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात या दोघांची जोडी जमवली. दर पायरीला आधी अन्वस्ताचा तळ काढून बघायचा. तो चालू अंतरालाच्या आत पडत असेल आणि पावले पुरेशी वेगाने लहान होत असतील, तर तिथे माप घ्यायचे. नसेल, तर त्या पायरीला सुवर्णछेदाचा बिंदू घ्यायचा. आज R मधले `optimize` हेच करते, आणि पायथनमधल्या SciPy च्या `minimize_scalar` मध्ये अंतरालाची मर्यादा घातली नाही तर मुळात ब्रेंटचीच रीत चालते. निव्वळ सुवर्णछेद हवा असेल तर `method='golden'` असे सांगावे लागते. दरी कशी आहे याचा काहीच अंदाज नसेल, फलनाला मध्येच कोपरा असेल किंवा किमतीचा आकडा विश्वासार्ह नसून फक्त कमी-जास्तचा निवाडा विश्वासार्ह असेल, तिथे तसे सांगणेच योग्य.